नोकरी एका रात्रीत सुटली नव्हती: एका कौटुंबिक व्यवसायाच्या आरंभकथेचे पुनर्लेखन

येथे घेतलेले प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे. मात्र त्यातील प्रत्येक अडचण कौटुंबिक व्यवसायाची आरंभकथा लिहिताना हमखास समोर येणारी आहे. व्यवसाय पुस्तकबांधणीचा आहे. आजोबांनी सुरू केलेल्या या कारखान्यात पूर्वी हिशेबाच्या खतावण्या आणि नोंदवह्या बांधल्या जात. हिशेब संगणकावर गेल्यावर ते काम आटले आणि तिसऱ्या पिढीने लिहिण्याच्या व रेखाटनाच्या वह्या थेट ग्राहकांना विकायला सुरुवात केली. नव्या ग्राहकाला हा व्यवसाय ठाऊक नव्हता, म्हणून वहीसोबत देण्याच्या पत्रकासाठी आणि संकेतस्थळासाठी ‘आमची गोष्ट’ लिहून घ्यायचे ठरले. पहिला मसुदा घरातच तयार झाला. तो असा होता:

‘१९५२ साली, खिशात दमडी नसताना, डोळ्यांत मात्र एक मोठे स्वप्न घेऊन आजोबांनी एका रात्रीत नोकरी सोडली आणि एका छोट्याशा खोलीत, केवळ एक सुई आणि दोरा यांच्या बळावर या प्रवासाची सुरुवात केली. त्यांनी लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे. आजही प्रत्येक वही त्याच निष्ठेने, त्याच प्रेमाने, पूर्णपणे हाताने बांधली जाते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही परंपरा म्हणजे गुणवत्तेची खात्री.’

या मसुद्यावर पहिली कसोटी लावली ती अगदी साधी होती. प्रत्येक वाक्यातून बांधणीचा संदर्भ काढून तेथे दुसरा कोणताही धंदा घालून पाहायचा. वाक्य तसेच उभे राहिले तर ते या कुटुंबाबद्दल काहीच सांगत नाही. दमडी, स्वप्न, छोटीशी खोली, वटवृक्ष, निष्ठा, प्रेम हे सगळे पहिल्या फटक्यात गळाले. कसोटीला टिकले ते फक्त पाच तपशील: १९५२ हे साल, नोकरी, एका रात्रीत घेतलेला निर्णय, सुई-दोरा आणि ‘पूर्णपणे हाताने’. गुळगुळीत शब्द काढून टाकण्याचा खरा फायदा येथे दिसतो. मजकूर आटोपशीर होतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडताळून पाहता येतील अशी विधाने उघडी पडतात. अलंकारांच्या गर्दीत ‘एका रात्रीत’ हेही अलंकारासारखेच वाचले जात होते. एकटे उरल्यावर ते विधान झाले आणि ते कोणी पाहिले, हा प्रश्न विचारता आला.

तो प्रश्न प्रथम थोरल्या काकांना विचारला गेला, कारण ही हकिकत घरात तेच रंगवून सांगत. आजोबा रात्री घरी आले, त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि ‘उद्यापासून मी जाणार नाही’ असे आजीला सांगितले, हा प्रसंग त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होता. मग त्यांना विचारले की तेव्हा तुम्ही खोलीत कुठे होतात. काका थोडे थांबले आणि हिशेब केल्यावर त्यांच्याच लक्षात आले की त्या साली त्यांचा जन्मही झालेला नव्हता. यात त्यांनी काही खोटे सांगितले होते असे नाही. लहानपणी पुन्हापुन्हा ऐकलेली गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी आठवू लागते, हे सगळ्याच घरांत घडते. म्हणून कुटुंबातील माणसांच्या मुलाखती घेताना ‘तेव्हा काय झाले’ एवढे विचारून भागत नाही. तुमचे वय काय होते, शेजारी कोण होते, हे तुम्हाला कोणी सांगितले, असे विचारावे लागते, आणि सगळ्यांना एकत्र बसवून न विचारता प्रत्येकाला वेगळे गाठून विचारावे लागते. एकत्र बसलेले कुटुंब अर्ध्या तासात एकाच आवृत्तीवर येते आणि ती आवृत्ती बहुधा सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याची असते.

त्यानंतर कपाटातले कागद निघाले. धंद्याचा पहिला परवाना मार्च १९५९ चा होता. एका छापखान्याने दिलेले नोकरीचे प्रशस्तिपत्रही सापडले. त्यात आजोबा १९५२ पासून बांधणी विभागात कामाला होते आणि त्यांनी नोव्हेंबर १९५९ मध्ये नोकरी सोडली, असे लिहिले होते. एका कागदाने दोन गोष्टी निकालात काढल्या. फलकावर मिरवले जाणारे १९५२ हे स्थापनेचे साल नव्हते. ते आजोबा दुसऱ्याकडे नोकरीला लागले ते साल होते. आणि एका रात्रीत नोकरी सोडणे तर दूरच, स्वतःच्या नावाचा परवाना मिळाल्यावरही त्यांनी आठ महिने नोकरी चालू ठेवली होती. पहिल्या खतावणीत त्याचे कारणही दिसत होते. सुरुवातीच्या पानावर मेहुण्यांकडून व्याजाने घेतलेली रक्कम लिहिली होती आणि पुढच्या सहा वर्षांत तिची फेड हप्त्याहप्त्याने नोंदलेली होती. म्हणजे आजोबा बेधडक उडी घेणारे गृहस्थ नव्हते. कर्ज डोक्यावर असताना पगार हातचा न सोडणारे, फार जपून पाऊल टाकणारे ते गृहस्थ होते. घरातल्यांना हे कळल्यावर थोडा हिरमोड झाला. माझ्या मते मात्र हा माणूस मसुद्यातल्या माणसापेक्षा कितीतरी ठसठशीत आहे, कारण पुस्तक बांधणाऱ्याच्या स्वभावात हीच सावधगिरी लागते.

मेहुण्यांचा उल्लेख घरच्या गोष्टीतून का गळला, हेही हळूहळू कळले. पुढे दोन्ही घरांत वितुष्ट आले आणि ‘दमडी नसताना’ हे शब्द बहुधा तेव्हाच गोष्टीत शिरले. आत्येने आणखी एक बाजू उघड केली. खतावणीत ‘घरशिलाई’ या नावाने दर आठवड्याला मजुरी पडत असे. ही शिलाई आजी आणि शेजारच्या तीन बायका नगावर करत असत. सुई-दोरा खरा होता, पण तो आजोबांच्या हातात नव्हता. एकट्या संस्थापकाची प्रतिमा उभी करताना पैसे पुरवणारा नातेवाईक आणि घरातून काम करणाऱ्या स्त्रिया हे दोन घटक सर्वांत आधी वगळले जातात. म्हणून हिशेबाची जुनी वही मिळाली तर भांडवल कोणाचे होते आणि मजुरी कोणाला गेली, या दोन नोंदी प्रथम पाहाव्यात.

आता मुख्य प्रश्न असा होता की या सामग्रीतून सांगायचे काय. वगळलेले तपशील परत भरले म्हणजे गोष्ट होत नाही. तो फक्त अचूक इतिहास होतो आणि वही विकत घेणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. आरंभकथेसाठी जुन्या काळातला असा प्रसंग शोधावा लागतो की ज्यातून कामाची एखादी रीत निघाली, ती रीत आजही पाळली जाते, आणि तिचा परिणाम हातातल्या वस्तूत ग्राहकाला स्वतः तपासता येतो. या साखळीतला एक दुवा जरी तुटला तरी प्रसंग कितीही हृद्य असो, तो घरच्या आठवणींत ठेवावा.

असा प्रसंग खतावणीतच मिळाला. १९६१ च्या एका नोंदीत चाळीस खतावण्यांपुढे ‘परत’ असा शेरा होता आणि त्याच पानाला ग्राहकाचे पत्र टाचलेले होते. खतावण्या उघडल्या की पाने कण्यापाशी ताठ उभी राहतात, दाबून धरावी लागतात आणि काही महिन्यांत कडा लहरीसारख्या वाकल्या आहेत, अशी तक्रार त्यात होती. बांधणीच्या क्षेत्रातील कोणालाही यावरून कारण ओळखता येईल. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेने पडतात. कागद त्या दिशेला समांतर सहज वाकतो आणि आडवा वाकवला तर अडतो; दमट हवेत तो फुगतो तोही मुख्यतः तंतूंच्या आडव्या दिशेने. तंतू कण्याला समांतर असतील तर पान सहज उलटते आणि पडून राहते. ते कण्याला काटकोनात असतील तर पान कण्यापाशी अडते, आणि कडेला फुगू पाहणारा कागद कण्यात शिवणीने व सरसाने जखडलेला असल्यामुळे कडेवर लहरी उठतात. कागदाचा ताव कमी वाया जावा म्हणून तो फिरवून कापला की ही चूक हमखास होते, आणि त्या खेपेस तेच झाले होते. आजोबांनी चाळीसही खतावण्या नव्या कागदावर पुन्हा बांधून दिल्या आणि त्याचा पैसा घेतला नाही. त्या महिन्याच्या हिशेबात कागद व मजुरीचा खर्च तोट्यात टाकलेला दिसतो.

यानंतरच्या नोंदवह्यांत कागदाच्या प्रत्येक खेपेपुढे ‘आडवा’ किंवा ‘उभा’ असा शेरा सुरू होतो. तो शेरा आजही सुरू आहे. कारखान्यात नव्या कागदाच्या गठ्ठ्यातून बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापतात, एक तावाच्या लांबीच्या बाजूने आणि एक रुंदीच्या बाजूने. दोन्ही एकत्र चिमटीत आडव्या धरल्या की एक पट्टी जवळजवळ सरळ राहते आणि दुसरी खाली झुकते. सरळ राहणाऱ्या पट्टीची लांबी ज्या बाजूने कापली, ती तंतूंची दिशा. शंका राहिली तर कागदाचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करतात. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो तो अक्ष तंतूंना समांतर असतो. ही तपासणी मिनिटभराची आहे. ती दाखवता येते, तिचे छायाचित्र घेता येते, आणि ग्राहकाला ती घरी करून पाहता येते. वहीचे पान कण्याच्या दिशेने, म्हणजे वरून खाली फाडले तर ते बरेचसे सरळ फाटते. आडवे फाडू गेल्यास फाट वाकडीतिकडी जाते.

येथेच अतिशयोक्तीचा नवा मोह उभा राहिला. तिसऱ्या पिढीतील नातीने पहिल्या उत्साहात असे लिहिले की ‘या अपयशातून आजोबांनी कागद तपासण्याची पद्धत शोधून काढली’. ती पद्धत जगभरच्या बांधणी कारागिरांना पूर्वीपासून ठाऊक आहे आणि आजोबांनीही ती छापखान्यात पाहिलेलीच असणार. शिवाय परत आलेल्या मालामुळेच शेरे सुरू झाले, असे कोठेही लिहिलेले नाही; आधी माल परत आला आणि नंतर शेरे दिसू लागले, एवढेच वह्या सांगतात. हा क्रम वाचकासमोर ठेवला तर कार्यकारण तो स्वतः जोडतो. लेखकाने ते जोडून दिले तर पुराव्यापलीकडचे विधान होते. म्हणून ‘शोधून काढली’ काढले आणि ‘त्या वर्षानंतरच्या आमच्या नोंदवह्यांत प्रत्येक खेपेपुढे कागदाची दिशा लिहिलेली आढळते’ असे केले. दोन वाक्यांत फरक लहान दिसतो, पण पहिले वाक्य एखादा जाणकार बांधणीकार दोन मिनिटांत खोडून काढील.

‘पूर्णपणे हाताने’ या शब्दांचा निकाल याहून सोपा होता, कारण ते विधान सरळसरळ चुकीचे होते. नव्या वह्यांची जुजबंदी, म्हणजे घड्या एकमेकींना शिवण्याचे काम, आता यंत्रावर होते. पुठ्ठा चढवणे, कणा गोलावणे आणि जुन्या पुस्तकांची दुरुस्ती तेवढी हाताने होते. उत्पादन कसे आणि कुठे होते याबद्दलची विधाने भावनिक मजकुराचा भाग म्हणून लिहिली गेली तरी ती वस्तुस्थितीची विधाने म्हणूनच तपासली जातात. शिनोला या अमेरिकी घड्याळ कंपनीच्या ‘व्हेअर अमेरिकन इज मेड’ या घोषवाक्यावर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये हरकत घेतली, कारण घड्याळे डेट्रॉइटमध्ये जुळवली जात असली तरी त्यांचे महत्त्वाचे भाग परदेशातून येत होते. कंपनीला ते घोषवाक्य सोडावे लागले आणि आयात भागांचा उल्लेख करावा लागला. शहरात जुळणी होते हे खरे असूनही अडचण आली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आमच्या प्रकरणातही ‘हाताने’ हा शब्द काही कामांपुरता खराच होता. तो सगळ्या वहीवर पसरला तेथे बिघडले.

थोरल्या काकांचा खरा आग्रह सालाबद्दल होता. बाजारात जुने साल वजनदार ठरते आणि सात वर्षे कमी करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शिवाय फलकावरचे साल कोण तपासणार, हा त्यांचा प्रश्न होता. हॉलिस्टर या कपड्यांच्या दुकानमालिकेने कित्येक वर्षे चिन्हासोबत १९२२ हे साल वापरले, प्रत्यक्षात तिचे पहिले दुकान २००० मध्ये उघडले आणि १९२२ चा संस्थापक काल्पनिक होता. हे उघड झाल्यावरही दुकाने चालूच राहिली, तेव्हा काकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पण तेथे माल विकला जातो तो फॅशनच्या जोरावर. हिशेबाच्या वह्या बांधणाऱ्याचे स्वतःचे पहिले साल चुकीचे निघणे वेगळे. ईबेच्या बाबतीतही संस्थापकाने वाग्दत्त वधूच्या पेझ गोळ्यांच्या डब्यांचा संग्रह वाढावा म्हणून संकेतस्थळ काढले, ही कथा प्रसिद्धी विभागाने पत्रकारांसाठी रचली होती असे २००२ मध्ये जाहीर झाले. तेव्हापासून त्या कंपनीची आरंभकथा सांगताना ती रचलेली होती, हेही अनेकदा सांगितले जाते. काकांना शेवटी पटले ते या उदाहरणांमुळे नव्हे. १९५२ हे साल टाकून द्यायची गरजच नव्हती, त्याला त्याचा खरा अर्थ द्यायचा होता, हे दिसल्यावर ते राजी झाले. ‘बांधणीच्या कामात १९५२ पासून, स्वतःच्या नावाने १९५९ पासून’ अशी ओळ ठरली आणि फलकही तसाच रंगवायचे ठरले.

पत्रकासाठी कायम झालेला मजकूर असा होता:

‘आमचे आजोबा १९५२ मध्ये एका छापखान्याच्या बांधणी विभागात कामाला लागले. १९५९ मध्ये त्यांनी मेहुण्यांकडून कर्ज घेऊन स्वतःचा परवाना काढला आणि पुढचे आठ महिने नोकरीही चालू ठेवली. शिलाई घरी आजी आणि शेजारच्या तीन स्त्रिया करत. १९६१ मध्ये चाळीस खतावण्या परत आल्या, कारण कागद चुकीच्या दिशेने कापला गेला होता आणि पाने उघडी राहत नव्हती. त्या सगळ्या पुन्हा बांधून दिल्या. त्या वर्षानंतरच्या आमच्या नोंदवह्यांत प्रत्येक खेपेपुढे कागदाची दिशा लिहिलेली आढळते. तुमच्या वहीच्या कागदाचीही लिहिलेली आहे. वही मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. शिलाई आता यंत्रावर होते; पुठ्ठा आणि कणा हाताने.’

यात विशेषणे जवळजवळ नाहीत, हे ठरवून केलेले नाही. घटना पुरेशी नेमकी असली की विशेषणाला जागा उरत नाही. शेवटून दुसरे वाक्य ग्राहकाला काहीतरी करायला सांगते, आणि तीच या मजकुराची सर्वांत जोखमीची जागा आहे. वहीने तेथे दगा दिला, तर सगळी गोष्ट खोटी ठरते. म्हणून छपाईला देण्यापूर्वी विक्रीतल्या सगळ्या आकारांच्या वह्या टेबलावर उघडून पाहिल्या. सर्वांत लहान, खिशात मावणारी वही नवी असताना उघडी राहत नाही असे आढळले. पानाची रुंदीच कमी असल्यामुळे कागदाचे वजन कण्याच्या ताठपणाला पुरे पडत नाही. त्या आकाराच्या वहीसोबत हे वाक्य वगळलेले पत्रक जाते.

मजकूर कळतो का, हे पाहण्यासाठी तो कुटुंबाबाहेरच्या काही जणांना वाचायला दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना काय आठवते ते विचारले. मूळ मसुद्याच्या वाचकांनी ‘जुना धंदा आहे, हाताने करतात’ एवढे सांगितले. नव्या मजकुराच्या वाचकांना परत आलेल्या खतावण्या आठवल्या, काहींना आठ महिने दोन्हीकडे काम करणारे आजोबा आठवले. साले मात्र कोणालाच आठवली नाहीत. थोड्या लोकांवरची ही चाचपणी विक्रीबद्दल काहीच सांगत नाही आणि तिच्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. काय लक्षात राहते आणि काय चुकीचे समजले जाते, एवढेच तिच्यातून कळते. एका वाचकाने ‘परत आल्या’ याचा अर्थ ‘जुन्या खतावण्या दुरुस्तीला आल्या’ असा घेतला, म्हणून त्या वाक्यात कारण जोडावे लागले.

पत्रकातल्या प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहिलेली एक यादी कारखान्यात ठेवली आहे: परवाना, प्रशस्तिपत्र, खतावणीचे पान, ग्राहकाचे पत्र, आत्येची मुलाखत. घरशिलाईच्या मजुरीला खतावणीचा आधार आहे, पण बायका तीन होत्या हे केवळ आत्येच्या सांगण्यावरून घेतलेले आहे आणि यादीत तसे स्पष्ट लिहिले आहे. त्या काळी ती नऊ वर्षांची होती आणि घड्या मोजून द्यायला बसत असे. यंत्र बदलले, कागदाची तपासणी पुरवठादाराकडे सोपवली किंवा पुठ्ठ्याचे काम बाहेर दिले, तर कोणते वाक्य बदलावे लागेल हेही त्या यादीत नोंदवलेले आहे. मेहुण्यांचे नाव पत्रकात नाही. त्यांच्या मुलांकडे निरोप गेला आहे. त्यांची संमती येईपर्यंत तेथे केवळ नाते लिहायचे ठरले आहे, आणि कर्जाची रक्कम छापायची नाही, यावर दोन्ही काकांचे एकमत आहे.